परत आलेल्या शर्टाचे पैसे

कपड्यांच्या दुकानातलं तीन ओळींचं एक बिल घेऊ. शर्ट ८९९ रुपये, जीन्स १,४९९ रुपये, ओढणी ३४९ रुपये. बेरीज २,७४७. दुकानाची योजना अशी, की अडीच हजारांच्या वर खरेदी केली की सरसकट ५०० रुपये सूट. गिऱ्हाइकाने २,२४७ रुपये भरले आणि तिन्ही वस्तू घरी नेल्या. चार दिवसांनी शर्ट परत आला, कारण तो खांद्यात घट्ट होतो. लेबल शाबूत आहे, बिल सोबत आहे, परत घेण्याची मुदतही संपलेली नाही. आता किती पैसे द्यायचे?

शर्टावर ८९९ छापलेलं आहे. पण गिऱ्हाइकाने शर्टाचे ८९९ भरले होते का, याचं उत्तर बिलावर सहसा नसतं. सूट बिलाच्या तळाशी, बेरजेखाली एका ओळीत लिहिलेली असते. ती सगळ्या खरेदीला मिळून मिळालेली असते, कुठल्याच वस्तूच्या नावावर लिहिलेली नसते. वस्तू मात्र एकेकटी परत येते. त्यामुळे त्या एका वस्तूच्या वाट्याला सुटीतला किती भाग आला होता, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते कधी आणि कसं ठरवलं जातं, यावर पुढचा सगळा हिशोब उभा राहतो.

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे छापील किंमत परत देणं. पण हा मार्ग पुढे नेऊन पाहा. आज शर्टाचे ८९९ दिले. दुसऱ्या दिवशी जीन्सही परत आली, तिचे १,४९९ दिले. एकूण परतावा २,३९८ झाला. गिऱ्हाइकाने मुळात २,२४७च भरले होते. म्हणजे त्याला भरल्यापेक्षा १५१ रुपये जास्त मिळाले आणि ओढणीही त्याच्याकडेच राहिली. यात गिऱ्हाइकाची लबाडी असायची गरज नाही, हिशोबच चुकीचा मांडलेला आहे. दिलेली सूट प्रत्येक परताव्यागणिक दुकानाच्या गल्ल्यातून दुसऱ्यांदा बाहेर पडत राहते.

दुसरा मार्ग सूट समान वाटण्याचा. तीन वस्तू, पाचशे रुपये, प्रत्येकीला १६६ रुपये ६७ पैसे. इथे बेरीज जुळवता येते, पण वाटा बेढब होतो. ओढणी ३४९ची, तिच्यावर जवळजवळ निम्मी सूट बसते. जीन्स १,४९९ची, तिच्यावर फक्त ११ टक्के. आता याच बिलात ९९ रुपयांचा रुमालांचा संच असता तर काय झालं असतं? चार वस्तूंत सूट वाटली तर प्रत्येकीला १२५ रुपये, म्हणजे तो संच परत आल्यावर दुकानाने गिऱ्हाइकाकडूनच २६ रुपये मागायला हवेत. वस्तूंची संख्या मोजून सूट वाटली की स्वस्त वस्तूवर हे ओझं पडतं.

उरतो तिसरा मार्ग, आणि व्यवहारात तोच टिकतो: किंमतीच्या प्रमाणात वाटणी. बिलातल्या प्रत्येक रुपयाला सारखीच सूट मिळाली, असं धरायचं.

```
वस्तूची सूट = एकूण सूट × वस्तूची किंमत ÷ बिलाची बेरीज
```

आपल्या बिलात प्रत्येक रुपयामागे ५०० भागिले २,७४७, म्हणजे सुमारे १८ पैसे सूट आहे. शर्टाच्या वाट्याला १६३.६३ रुपये येतात, जीन्सच्या वाट्याला २७२.८४ आणि ओढणीच्या वाट्याला ६३.५२. या वाटणीचा मोठा गुण असा, की वस्तू कुठल्याही क्रमाने परत आल्या तरी एकूण परतावा भरलेल्या रकमेच्या पुढे जात नाही, आणि सगळ्या परत आल्या तर तेवढाच भरतो. शिवाय सूट बेरजेपेक्षा मोठी नसेल तोवर कुठल्याही वस्तूचा परतावा शून्याखाली जाऊ शकत नाही.

वर मी तीन आकडे लिहिले, त्यांची बेरीज करून पाहा. १६३.६३ अधिक २७२.८४ अधिक ६३.५२ म्हणजे ४९९.९९. एक पैसा कमी पडला.

हा पैसा कुठे गेला हे समजून घेण्यासारखं आहे, कारण परताव्याच्या हिशोबातल्या बऱ्याचशा तक्रारी इथूनच निघतात. शर्टाचा खरा वाटा १६३.६३३०५… आहे, जीन्सचा २७२.८४३१०… आणि ओढणीचा ६३.५२३८४…. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांक करताना तिन्ही आकडे खाली आले. पैशाचे जे तुकडे कापले गेले ते अनुक्रमे ०.३०५, ०.३१० आणि ०.३८४ पैसा. त्यांची बेरीज बरोबर एक पैसा भरते. प्रत्येक ओळ आपल्यापुरती नीट पूर्णांक केलेली आहे, तरी एकत्र मांडल्यावर त्या पूर्ण सुटीएवढ्या होत नाहीत. उलटही घडतं. दुसऱ्या एखाद्या बिलात तुकडे अर्ध्याच्या वर असतील, तर बेरीज ५००.०१ येते.

यावर जुना आणि सरळ उपाय आहे. आधी प्रत्येक वाटा खालच्या पैशावर थांबवायचा, मग उरलेले पैसे मोजायचे आणि ज्याचा कापलेला तुकडा सर्वांत मोठा त्याला पहिला पैसा, त्यानंतरच्याला दुसरा, असे ते देऊन टाकायचे. आपल्या बिलात उरलेला पैसा ओढणीला जातो, कारण तिचा तुकडा ०.३८४ आहे. ओढणीची सूट ६३.५३ होते आणि बेरीज बरोबर ५०० येते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांमध्ये लोकसंख्येनुसार वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टनने हीच रीत सुचवली होती. १७९२ साली जॉर्ज वॉशिंग्टनने त्यावर आधारलेलं विधेयक नाकारलं, आणि अमेरिकी अध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार ठरला. अर्धी जागा कुणाला देता येत नाही, तसाच अर्धा पैसाही देता येत नाही. प्रश्न एकच आहे.

आता बिलाचं खरं रूप दिसतं. शर्टाचे प्रत्यक्ष भरलेले पैसे ८९९ वजा १६३.६३, म्हणजे ७३५.३७. जीन्सचे १,२२६.१६. ओढणीचे २८५.४७. तिघांची बेरीज २,२४७.०० रुपये. गिऱ्हाइकाने खिशातून काढलेली रक्कम तीच होती. शर्ट परत आला तर ७३५ रुपये ३७ पैसे द्यायचे. "शर्टावर तर ८९९ लिहिलंय," असं गिऱ्हाईक म्हणालं, तर दुकानदार बिलातली ती ओळ दाखवू शकतो. पण ती ओळ मुळात छापलेली असली पाहिजे.

ही वाटणी विक्रीच्या क्षणी करायची आणि बिलासोबत कायमची लिहून ठेवायची. परताव्याच्या वेळी नवं काही मोजायचं नाही, लिहिलेलं वाचायचं. मला या प्रकरणात सांगायचं ते मुख्यतः हेच आहे. बऱ्याच दुकानांचे आणि छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशोब याच ठिकाणी बिघडतात. तिथे सूट तळाशी साठवलेली असते आणि परतावा आला की तेव्हाच्या उरलेल्या वस्तूंवर ती पुन्हा वाटली जाते.

पुन्हा वाटल्याने काय होतं, ते याच बिलावर दिसतं. शर्ट परत गेला, त्याच्यासोबत १६३.६३ रुपयांची सूटही गेली. आता जीन्स आणि ओढणी मिळून १,८४८ रुपयांचा माल उरला आणि ३३६.३७ रुपयांची सूट उरली. ती पुन्हा प्रमाणात वाटली, तर जीन्सचा वाटा २७२.८४५५८ येतो आणि ओढणीचा ६३.५२४४२. खालच्या पैशावर थांबवल्यावर एक पैसा उरतो, पण या वेळी मोठा तुकडा जीन्सचा आहे. म्हणून जीन्सची सूट २७२.८५ आणि ओढणीची ६३.५२ झाली. जो पैसा विक्रीच्या दिवशी ओढणीला दिला होता, तो शर्ट परत येताच जीन्सकडे गेला. ओढणीला आणि जीन्सला कुणी हातही लावलेला नाही. गिऱ्हाइकाच्या हातातल्या बिलावर ओढणी २८५.४७ला आहे आणि दुकानाच्या संगणकात २८५.४८ला. एका पैशाने कुणाचं नुकसान होत नाही हे खरं, पण महिन्याच्या शेवटी विक्रीची नोंद आणि परताव्याच्या नोंदी जुळवायला बसलेल्या माणसाला असे शेकडो फरक दिसतात, आणि त्यांत एखादी खरी, मोठी चूक लपून राहते.

मोठ्या विक्री-प्रणालींनी ही गोष्ट ओळखलेली आहे. शॉपिफायच्या नोंदीत प्रत्येक वस्तूच्या ओळीला `discount_allocations` नावाची जागा असते आणि त्या ओळीच्या वाट्याला आलेली सूट तिथे लिहिलेली असते. सूट कशी वाटायची हेही तिथे `allocation_method` म्हणून नोंदलेलं असतं. `across` म्हणजे सर्व पात्र वस्तूंमध्ये पसरून, `each` म्हणजे प्रत्येकीला वेगळी, `one` म्हणजे एकाच वस्तूला. वूकॉमर्स दुसऱ्या पद्धतीने तेच साधतं. तिथे ओळीवर सुटीआधीची रक्कम `subtotal` आणि सुटीनंतरची रक्कम `total` अशी दोन्ही जपलेली असतात. स्वतःची प्रणाली बनवून घेणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. रक्कम रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्ण आकड्यात ठेवावी, कारण बहुतेक संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते आणि तो शेवटचा कण कधीतरी पूर्णांक करताना एक पैसा उलटवतो.

आता दुकानदाराची एक रास्त तक्रार ऐकायला हवी. सूट अडीच हजारांच्या वरच होती. शर्ट आणि जीन्स मिळून २,३९८ होतात, सूट लागू होत नाही. गिऱ्हाइकाने ओढणी घेतली, २,७४७ केले, ५०० रुपये वाचवले आणि आठवड्याने ओढणी परत केली. प्रमाणशीर वाटणीने त्याला २८५.४७ मिळाले. शर्ट आणि जीन्स त्याला १,९६१.५३ला पडले, म्हणजे ज्या सुटीला तो पात्रच नव्हता त्यातले ४३६.४७ रुपये त्याच्याकडे राहिले. हे नुकसान खरं आहे.

म्हणून काही विक्रेते परताव्याचा हिशोब वेगळा करतात. ते म्हणतात, परत आलेली वस्तू कधी घेतलीच नव्हती असं धरून बिल पुन्हा काढू आणि फरक परत देऊ. शर्ट परत आला तर उरलेला माल १,८४८चा, सूट गेली, भरलेले २,२४७, म्हणून परतावा ३९९ रुपये. ७३५ रुपयांच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला ३९९ हातात मिळतात. ओढणी परत आली तर याहून बिकट अवस्था होते. उरलेला माल २,३९८चा, भरलेले २,२४७, म्हणजे ओढणी परत देऊन वर १५१ रुपये दुकानालाच द्यायचे. असं कुणी मागत नाही, म्हणून परतावा शून्यावर थांबवला जातो. पण ३४९ची वस्तू परत देऊन काहीच न मिळणं हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड आहे.

माझं मत प्रमाणशीर वाटणीच्या बाजूने आहे. पुन्हा बिल काढण्याच्या रीतीत परतावा फक्त वस्तूवर अवलंबून राहत नाही, उरलेल्या वस्तूंवरही अवलंबून राहतो. गिऱ्हाइकाला आधी अंदाज येत नाही. एखाद्या दुकानाला ही अट ठेवायचीच असेल, तर ती कूपनच्या अटींत, खरेदीच्या आधी दिसेल अशी लिहायला हवी. ऑनलाइन विक्रीसाठी भारतात २०२०चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम परतावा आणि वस्तू परत घेण्याची माहिती ग्राहकाला स्पष्ट दाखवायला सांगतात. मुद्दाम ओढणी जोडून परत करणारी माणसं थोडी असतात. त्यांच्यासाठी परत घेण्याची मुदत आखूड करणं किंवा सवलतीतल्या मालाची फक्त अदलाबदल ठेवणं, हे उपाय हिशोब न बिघडवता करता येतात.

पुन्हा बिल काढण्याविरुद्ध दुसरं कारण करांचं आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात, म्हणजे २०१७च्या सीजीएसटी कायद्याच्या कलम १५मध्ये, विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलावर नोंदलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते. वस्तू परत आली की कलम ३४खाली क्रेडिट नोट काढता येते आणि दुकानाचं कराचं देणं तेवढं कमी होतं. प्रमाणशीर वाटणीत हे सरळ चालतं. शर्टाची ओळ ७३५.३७ रुपयांची आहे, कर त्यातच धरलेला आहे, दर ५ टक्के. करपात्र मूल्य ७००.३५, केंद्राचा कर १७.५१, राज्याचा १७.५१. क्रेडिट नोट याच आकड्यांची. जीन्स आणि ओढणीच्या ओळी तशाच राहतात. बिल नव्याने काढून ३९९च परत दिले, तर उरलेल्या दोन वस्तूंची किंमत विक्रीनंतर वाढली असा अर्थ होतो. मग शर्टासाठी क्रेडिट नोट आणि बाकीच्यांसाठी डेबिट नोट, असा दुहेरी कागद लागतो.

कपड्यांच्या बाबतीत वाटणीचा परिणाम कराच्या दरावरही होतो, आणि ही बाब सहसा लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून तयार कपड्याच्या एका नगाचं विक्रीमूल्य २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर आहे आणि त्यावर असेल तर १८ टक्के. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांवर होती, दर ५ आणि १२ टक्के होते. समजा करापूर्वी २,७०० रुपयांचं जाकीट आणि ८०० रुपयांचा शर्ट असं बिल आहे आणि त्यावर ३५० रुपये सूट आहे. प्रमाणात वाटली तर जाकिटाला २७० रुपये सूट मिळते आणि ते २,४३०वर येतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या गटात. सगळी सूट शर्टावर टाकली, तर जाकीट २,७००वरच राहतं आणि १८ टक्के लागतात. पहिल्या वाटणीत जाकिटावरचा कर १२१.५०, दुसरीत ४८६. सूट तेवढीच, वस्तू त्याच. वाटणीचा नियम आधी ठरलेला आणि सगळ्या बिलांना सारखा लावलेला असला, तर दर कमी करण्यासाठी सूट हवी तिकडे सरकवली असा संशय राहत नाही. हे जाकीट परत आलं तर परतावा २,४३० आणि त्यावर १२१.५०, मिळून २,५५१.५० रुपये. छापील किंमत आणि तिचा दर उचलणारी प्रणाली इथे ३,१८६ दाखवेल, जे गिऱ्हाइकाने कधी भरलेच नव्हते.

एका ओळीत एकाच वस्तूचे अनेक नग असले की वाटणीची आणखी एक पायरी येते. १९९ रुपयांच्या तीन बनियन, मिळून ५९७, त्या ओळीला १०० रुपये सूट आली. ओळीचे ४९७ भरले गेले. एका बनियनचे १६५.६६६… होतात. प्रत्येक परताव्याला १६५.६७ दिले, तर तिसरी परत येईपर्यंत ४९७.०१ होतात. इथे प्रत्येक नगाचा वेगळा हिशोब न करता आतापर्यंतच्या एकूण नगांचा हिशोब करावा. एक परत आली तेव्हा १६५.६७ दिले. दोन झाल्या की दोघींचे मिळून ३३१.३३ होतात, त्यातून आधी दिलेले वजा करून १६५.६६ द्यायचे. तिसरीच्या वेळी ४९७ वजा ३३१.३३, म्हणजे १६५.६७. चूक साठत जात नाही, शेवटचा नग हिशोब पूर्ण करतो.

वाटणी बरोबर आहे की नाही हे तपासायची पहिली कसोटी सोपी आहे. ओळींवरच्या सुटींची बेरीज बिलाच्या सुटीएवढी हवी, आणि सगळ्या वस्तू वेगवेगळ्या क्रमाने परत केल्या तरी परताव्यांची बेरीज भरलेल्या रकमेएवढीच हवी. एखाद-दोन पैशांचा फरक आला तर पूर्णांक करण्यात चूक आहे. क्रम बदलल्यावर एखाद्या वस्तूचा परतावा बदलला, तर प्रणाली दरवेळी नव्याने वाटते आहे.

एक चूक मात्र या कसोटीतून निसटते. कूपन सहसा सेलमधल्या मालावर चालत नाही. आपल्या बिलात सेलमधले १९९ रुपयांचे मोजे असते, तर सूट फक्त शर्ट, जीन्स आणि ओढणीवर वाटायला हवी, भागायचा आकडा २,७४७च हवा. प्रणालीने मोजेही धरून २,९४६ने भागलं, तर सुटींची बेरीज पाचशेच येते आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. पण शर्टाची सूट १६३.६३ऐवजी १५२.५८ होते आणि मोज्यांच्या नावावर ३३.७७ रुपये सूट लागते. शर्ट परत करणाऱ्याला ११ रुपये जास्त जातात आणि मोजे परत करणाऱ्याला १९९ऐवजी १६५.२३ मिळतात, जरी त्याने मोज्यांवर एक पैशाचीही सूट घेतलेली नव्हती. म्हणून बेरीज जुळल्यावरही, जी वस्तू सुटीला पात्र नव्हती तिच्या ओळीत शून्य लिहिलं आहे का, हे डोळ्यांनी पाहावं लागतं.